पुसलेली सूचना परत कशी वाचायची

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलताना मोबाईल हातात धरून जे दाखवले, ते इथे शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय तुम्हीच ठरवलेला आहे. गेल्या दोन वर्षांत माझ्या दारावर जितके जण मोबाईल घेऊन आले, त्यातल्या निम्म्यांचं वाक्य एकच होतं, "सर, आत्ता वर काहीतरी आलं होतं, बोट लागलं आणि गेलं." काय आलं होतं ते आठवत नाही, कुणाचं होतं तेही कळलं नाही. महत्त्वाचं होतं एवढं मात्र नक्की वाटतं. आज तेवढंच बोलतो.

आपली सोसायटी झाली तेव्हा सूचना द्यायची पद्धत सोपी होती. गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं, आणि फारच महत्त्वाचं असेल तर वॉचमनकडे वही द्यायची. तो घरोघर जाऊन सही घ्यायचा. फळा पुसला तरी वहीत नोंद राहायची. आता पाण्याची वेळ, टाकी धुण्याचा दिवस, मेंटेनन्सची पावती, बँकेचा निरोप, पोराचा फोन, औषधाची आठवण, सगळं त्याच चार इंचांच्या पट्टीत येतं आणि अंगठ्याच्या एका फटक्यात जातं. फळा राहिला, वही गेली असं आपल्याला वाटतं. पण अँड्रॉइड फोनमध्ये ती वही आहे. फक्त बहुतेकांच्या फोनवर ती बंद ठेवलेली असते.

आधी एक गैरसमज काढतो, कारण निम्मी काळजी तिथेच मिटते. वर जी सूचना येते ती चिठ्ठी असते, पत्र नव्हे. चिठ्ठी बाजूला सारली म्हणून पत्र फाटत नाही. व्हॉट्सॲपची सूचना पुसली तरी मेसेज त्या गप्पेत असतोच. वीजबिलाचा एसएमएस आला आणि सूचना गेली, तरी एसएमएस मेसेजच्या ॲपमध्ये जाऊन वाचता येतो. मिस्ड कॉलची सूचना गेली तर कॉलच्या यादीत लाल बाण असतो. तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारायचं, की ही चिठ्ठी कोणत्या ॲपची होती? एवढं आठवलं तर थेट त्या ॲपमध्ये जा, बाकी काही करायची गरज नाही.

अडचण दोन प्रसंगी होते. एक म्हणजे, कोणत्या ॲपची होती हेच लक्षात नसतं. दुसरं म्हणजे, काही सूचनांच्या मागे पत्रच नसतं, चिठ्ठी हेच सगळं असतं. औषधाची आठवण देणारं ॲप, पाणी प्यायची आठवण, एखाद्या खरेदीच्या ॲपचा निरोप, नको असलेल्या वर्गणीची पूर्वसूचना. ह्यातली काही ॲपमध्ये सापडतात, काही सापडत नाहीत. अशा वेळी ती वही उपयोगी पडते.

वहीचं नाव आहे Notification history. गुगलने ती २०२० साली अँड्रॉइड ११ बरोबर दिली. तुमचा फोन त्यानंतरचा असेल किंवा त्यावर तेवढं अपडेट आलेलं असेल तर ती असायला हवी. खात्री करायची तर Settings मध्ये अगदी खाली About phone असतं, तिथे Android version लिहिलेलं असतं. ११ किंवा पुढचा आकडा पाहिजे.

आता वाट. Settings, मग Notifications, मग Notification history, आणि तिथे Use notification history नावाचा खटका. सॅमसंगच्या फोनवर Notifications मध्ये गेल्यावर Advanced settings लागतं, त्याच्या आत हे मिळतं. बाकी कंपन्यांनी आपापल्या परीने जागा बदललेली आहे, काहींनी तर हा पर्याय दडवलाय, म्हणून वाट पाठ करण्यापेक्षा सोपा उपाय सांगतो. Settings उघडल्यावर वर शोधायची जागा असते, तिथे notification history एवढं टाका. फोन मराठीत ठेवला असेल तर सूचना हा शब्द शोधा. सापडलं नाही तर तुमच्या फोनवर ती सोय नाही असं समजायचं, उगाच रात्रभर शोधत बसायचं नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हा खटका आधीच चालू पाहिजे. सूचना पुसून गेल्यावर तुम्ही चालू केलात तर जे गेलं ते सापडत नाही, कारण वही कोरी असते. चालू केल्या क्षणापासून ती लिहायला लागते. लोक माझ्याकडे येतात, मी खटका पाहतो, तो बंद असतो. मग मला म्हणावं लागतं, आज काही उपाय नाही, पण उद्यासाठी हा चालू करून ठेवतो. म्हणूनच आज इथे बसल्याबसल्या प्रत्येकाने तो चालू करावा, एवढी विनंती आहे. त्याला पैसे लागत नाहीत, आणि बॅटरीवर फरक पडल्याचं मला तरी जाणवलेलं नाही.

चालू झाल्यावर त्या पानावर दोन-तीन भाग दिसतात. वर Recently dismissed, म्हणजे नुकत्याच सारलेल्या सूचना. त्याखाली गेल्या २४ तासांतल्या सूचना, ॲपप्रमाणे लावलेल्या. एखाद्या ॲपच्या नावासमोर आकडा असतो आणि बाजूला खाली वळणारा बाण असतो. तो दाबला की त्या ॲपच्या सगळ्या ओळी उघडतात, प्रत्येकीपाशी वेळ. मधे तुम्ही काही सूचना थांबवून ठेवलेल्या असतील तर त्यांचाही वेगळा भाग येतो, त्याबद्दल थोड्या वेळाने बोलतो.

आता आपल्याच इमारतीतला प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, सगळ्यांना कळेलच. एक काका आहेत, शेती बघतात, हंगामात रोज गावाकडे जाऊन येतात. क्रिकेटच्या सामन्यांसाठी त्यांनी एका व्हिडिओ ॲपचा एक रुपयातला नमुना महिना घेतला होता. घेताना UPI ने पुढच्या कपातीला संमती दिली होती, आणि ती गोष्ट ते विसरून गेले. माणूस विसरणारच, कारण महिना झालेला असतो.

रविवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या UPI ॲपवर सूचना आली, की उद्या अमुक ॲपसाठी १,४९९ रुपये वळते होणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा ठरलेल्या कपातीची आगाऊ सूचना कमीत कमी २४ तास आधी द्यावी लागते, आणि ग्राहकाला ती नको असेल तर नाकारण्याची सोय हवी. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हा नियम लागू आहे. म्हणजे निरोप वेळेवर आला होता. पण मोबाईल होता नातवाच्या हातात, तो खेळत होता. खेळ मधे मधे अडवणाऱ्या सूचना त्याला नको होत्या, त्याने खाली असलेलं Clear all दाबलं. चौदा सूचना एकदम गेल्या.

काका आले, त्यांना बायकोने सांगितलं, "काहीतरी पैशाचं आलं होतं, पोरानं सगळं पुसून टाकलं बघा." आता पैशाचं म्हणजे काय? पैसे आले की गेले? खात्यात शिल्लक तेवढीच होती. बँकेचं ॲप पाहिलं, काही नाही. एसएमएस पाहिले, त्यातही त्या दिवशी काही नव्हतं. तिथे लोक थांबतात आणि म्हणतात, काही नसेल. काका माझ्याकडे आले ते बरं झालं, कारण गेल्या दिवाळीत मी त्यांचा तो खटका चालू करून ठेवला होता.

Notification history उघडलं. Recently dismissed मध्ये खेळाच्याच सहा-सात ओळी होत्या, म्हणून तिथे न थांबता खाली गेलो. UPI ॲपसमोर ४ असा आकडा होता. बाण दाबला. पहिल्या तीन सूचना बक्षीस, कूपन, कॅशबॅक अशा होत्या. चौथी ९ वाजून ४ मिनिटांची, त्यात त्या व्हिडिओ ॲपचं नाव, १,४९९ हा आकडा आणि उद्याचा उल्लेख. आम्ही ती दाबली, तर UPI ॲप उघडलं, पण थेट त्या कपातीपाशी गेलं नाही, पहिल्याच पानावर नेऊन सोडलं. असं होतं. जुन्या सूचनेतून कधी नेमक्या जागी जाता येतं, कधी नुसतं ॲप उघडतं, काही फोनवर तर काहीच होत नाही. सूचनेवर जी बटणं असतात, उत्तर द्या, मंजूर करा वगैरे, तीही वहीत परत मिळत नाहीत. वहीतून आपल्याला काय आलं होतं ते कळतं. पुढचं काम आपल्यालाच करावं लागतं.

मग त्याच UPI ॲपमध्ये स्वतःच्या खात्याच्या भागात गेलो, तिथे Autopay नावाचं पान असतं. त्यात चालू असलेल्या संमत्यांची यादी होती, त्यातली ही निवडून रद्द केली. रद्द करताना UPI पिन विचारला, तो काकांनी स्वतः टाकला, मी तोंड दुसरीकडे फिरवलं. घड्याळात पावणेदहा झाले होते. दुसऱ्या दिवशी रक्कम कापली गेली नाही.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, व्हिडिओ ॲप मोबाईलवरून काढून टाकलं म्हणून संमती रद्द होत नाही. काकांना तेच करायचं होतं, मी थांबवलं. संमती बँकेकडे आणि UPI ॲपमध्ये नोंदलेली असते, ती तिथूनच रद्द करावी लागते. दुसरी गोष्ट, निरोप आधी २४ तास येतो आणि आपली वही राखते तीही २४ तासच. हा योगायोग आहे. पण ह्यामुळे तुम्हाला मिळणारा वेळ चांगलाच मर्यादित होतो. दुसऱ्या दिवशी रात्री विचार करायला बसलात तर वहीतही सापडत नाही आणि पैसेही गेलेले असतात. म्हणून ज्यांच्या फोनवर नातवंडं खेळतात, त्यांनी रात्री झोपताना एक मिनिट ते पान उघडून पाहावं. मी स्वतः मंगळवारी आणि शुक्रवारी पाहतो असं आधी सांगणार होतो, पण २४ तासांची वही आठवड्यातून दोनदा उघडून काय मिळणार, म्हणून रोज पाहतो.

आता वहीच्या मर्यादा. वहीत शब्द येतात, फोटो आणि आवाज येत नाहीत. कुणी फोटो पाठवला असेल तर तिथे नुसतं फोटो एवढंच लिहिलेलं असेल. लांबलचक निरोपाचा सुरुवातीचा भागच दिसू शकतो. ज्या गप्पेची सूचना तुम्ही कायमची बंद केली आहे, तिची नोंद वहीत नसेल, कारण जी सूचना आलीच नाही ती लिहिणार कशी? आणि फोनच्या त्या खटक्याला बंद केलं की जुनी वही कोरी होते, म्हणून उत्सुकतेपोटी चालू-बंद करत बसू नका.

आपल्या महिला मंडळात एकदा विचारलं होतं, समोरच्याने व्हॉट्सॲपवर पाठवून नंतर सगळ्यांसाठी पुसलेला मेसेज ह्यात वाचता येतो का? कुणी विचारलं ते सांगत नाही, पण सगळ्या हसल्या. उत्तर आहे, बऱ्याचदा येतो, सूचना वर दिसून गेली असेल तर. पण तेवढ्यासाठी ही सोय नाही, आणि ज्याने तो पुसला त्याला तो पुसायचाच होता एवढं लक्षात ठेवावं.

ह्याच कारणासाठी उलट बाजूही सांगतो. तुमच्या फोनचा पिन ज्याला माहीत, त्याला हे पानही वाचता येतं. त्यात बँकेचे ओटीपी, डॉक्टरांचे निरोप, सगळं २४ तासांसाठी दिसू शकतं. घरच्यांपासून लपवायचं काही नसेल तर ठीक. दुकानात फोन दुरुस्तीला देताना मात्र तो खटका बंद करून द्या, म्हणजे वही पुसली जाते.

त्याहून मोठा धोका दुसरीकडे आहे. फोनमध्ये ती सोय सापडली नाही की लोक ॲप शोधतात, आणि सूचनांचा इतिहास दाखवणारी पुष्कळ ॲप आहेत. ती सगळी वाईट आहेत असं नाही. पण त्यांना चालण्यासाठी Notification access नावाची परवानगी द्यावी लागते, आणि ती परवानगी मिळाली की ते ॲप तुमच्या सूचनांमधला मजकूर वाचू शकतं, बऱ्याच फोनवर ओटीपीसुद्धा. फोनमधली सोय आणि बाहेरचं ॲप ह्यात हाच फरक आहे. माझा सल्ला एकच, अनोळखी ॲपला ती परवानगी देऊ नका. आधी दिली असेल तर Settings मध्ये Notification access शोधा, यादी उघडेल, त्यात तुम्ही न ओळखणारं नाव असेल तर बंद करा. हे काम आज घरी जाऊन कराच. स्मार्ट घड्याळाचं ॲप असेल तर ते तिथे असणारच, त्याला घाबरू नका.

इथपर्यंत, सूचना गेल्यावर काय करायचं ते झालं. आता सूचना जाऊ नये म्हणून. त्यासाठी दुसरी सोय आहे, तिला स्नूझ म्हणतात. गजराचं स्नूझ तुम्हाला माहीत आहे, हेही तसंच, पण सूचनेसाठी. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून ती आहे. अँड्रॉइड ११ आणि पुढच्यात Settings मधल्या Notifications मध्ये Allow notification snoozing नावाचा खटका असतो, काही फोनवर तो आधी बंद असतो. सॅमसंगवर Show snooze button अशा नावाने असतो, तोही Advanced settings मध्ये.

चालू झाला की सूचना खाली ओढून थोडी मोठी केली की कोपऱ्यात छोटं घड्याळ दिसतं. जुन्या फोनवर सूचना अर्धवट बाजूला सरकवली की ते दिसायचं. पूर्ण सरकवली की मात्र ती गेली, म्हणून जुन्या फोनवाल्यांनी जरा हळू. घड्याळ दाबलं की सूचना एक तासासाठी दूर होते. त्याच जागी वेळ बदलायची सोय येते, १५ मिनिटं, अर्धा तास, एक तास, दोन तास. चूक झाली तर Undo सुद्धा तिथेच असतं. वेळ संपली की तीच सूचना पुन्हा वर येते, जणू आत्ताच आली.

कशासाठी वापरायची? समजा आपल्या मजल्यावरच्या आजींच्या फोनवर साडेआठला औषधाची आठवण येते, जेवणानंतरच्या गोळीची. पण जेवण नऊला आहे. त्या काय करतात? सूचना बाजूला सारतात आणि मनाशी म्हणतात, जेवल्यावर घेते. मग मालिका लागते. साडेदहाला पडल्यावर विचार येतो, घेतली का? इथे वही मदत करत नाही. वहीत साडेआठला आठवण आली एवढं लिहिलेलं असतं, गोळी पोटात गेली की नाही हे फोनला कुठून कळणार? आणि खात्री नसताना दुसरी घेतली तर ते घातक ठरू शकतं, विशेषतः साखरेच्या गोळीचं. म्हणून सारायचं नाही, अर्ध्या तासाचं स्नूझ करायचं. नऊला ताट उचलल्यावर ती परत समोर येते. आणि गोळी घेतली की मगच पुसायचं, असं ठरवलं तर पुसणं हीच खूण होते. बाकी आठवड्याचा गोळ्यांचा डबा असतो ना, सात कप्प्यांचा, तो मोबाईलपेक्षा भरवशाचा आहे हे मी काही नाकारत नाही.

स्नूझचे दोन खटके लक्षात ठेवा. पहिला, दोन तासांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. उद्या सकाळी सात वाजता टाकी धुणार असा आपल्या सचिवांचा निरोप रात्री आला, तर त्याला स्नूझ उपयोगी नाही, त्यासाठी गजर लावा. दुसरा जास्त फसवणारा आहे. एखाद्या गप्पेची सूचना स्नूझ केली आणि त्या काळात त्याच गप्पेत नवीन निरोप आले, तर तेही वर दिसत नाहीत, वेळ संपेपर्यंत त्या सूचनेतच अडकून राहतात. म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर कुणी शुभेच्छांचं फूल पाठवलं म्हणून तुम्ही दोन तासांचं स्नूझ केलं, आणि तासाभराने सचिवांनी लिहिलं की लिफ्ट बंद आहे, तर ते तुम्हाला फूल परत आल्यावरच कळेल. व्यक्तिगत निरोपाला स्नूझ योग्य आहे, गलबल्याच्या ग्रुपला नाही. आणि मधेच तुम्ही ती गप्पा उघडून वाचलीत तर ॲप ती सूचना मागे घेतं, मग ती परत येत नाही. हे बरोबरच आहे, वाचल्यावर परत यावं कशाला?

आणखी एक, फोन बंद करून चालू केला तर स्नूझ केलेली सूचना परत येईल ह्यावर विसंबू नका. बॅटरी पाच टक्क्यांवर असताना स्नूझ करण्यात अर्थ नाही.

काही सूचना मात्र स्नूझ करूच नयेत. आपल्यातले कितीतरी जण शेतावर जातात, आणि मराठवाड्यात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात वीज किती जिवावर येते हे मला सांगायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, ते तुमच्या जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सूचना देतं. ती सूचना काही मिनिटांच्या उपयोगाची असते. तासाने परत आली तर काय करायचं तिचं? ती वाचायची आणि झाडाखाली न थांबता घराकडे वा पक्क्या छताखाली जायचं. चुकून सारली गेली तर वही उघडण्यापेक्षा आधी ॲप उघडा, तिथे आत्ताची स्थिती असते.

आणि सरकारकडून जो मोठ्याने वाजणारा, पूर्ण पडद्यावर येणारा इशारा असतो, तो आणखी वेगळा. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने त्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा आपल्यातले काही जण घाबरले होते. तो आपल्या वहीत शोधत बसू नका, त्याची वेगळी जागा आहे. Settings मध्ये Wireless emergency alerts शोधा, त्यात आधी आलेल्या इशाऱ्यांची यादी मिळते. म्हणजे घाईत बंद केला तरी काय लिहिलं होतं ते नंतर वाचता येतं.

वेळ संपत आली आहे, माझ्याकडे दोन प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढी उत्तरं देऊन थांबतो.

पहिली, आमच्याकडे आयफोन आहे, त्यात काय? त्यात ही वही नाही. लॉक पडद्यावरून वर सरकवलं की न पुसलेल्या जुन्या सूचना दिसतात, पण तुम्ही एकदा साफ केलेली सूचना फोन परत दाखवत नाही, आणि एका-एका सूचनेला स्नूझ करायची सोयही नाही. तिथे थेट ॲप उघडणे हाच मार्ग. म्हणून आयफोनवाल्यांनी महत्त्वाचं काही आलं की लगेच उघडून वाचावं, नंतर पाहू म्हणत ठेवू नये.

दुसरी चिठ्ठी, फोन जुना आहे, अँड्रॉइड दहा, त्यात काहीच नाही का? थोडं आहे. मुख्य पडद्यावर रिकाम्या जागी बोट दाबून ठेवा, Widgets उघडा, त्यात Settings shortcut असेल तर ते पडद्यावर ठेवा आणि यादीतून Notification log निवडा. काही फोनवर ते मिळतं, दिसायला जरा वेडंवाकडं असतं, फोन बंद करून चालू केला की कोरं होतं. काही फोनवर मिळतच नाही.

ज्यांना आत्ताच खटका चालू करून घ्यायचा असेल त्यांनी चहा झाल्यावर मागच्या टेबलाशी यावं. फोन चार्ज असलेला आणावा, आणि पिन तुम्ही स्वतः टाकावा.